दोन खात्यांतली गाणी एका खात्यात

नवा फोन घेतला, त्यात गाण्यांचं ॲप घातलं, लॉगिन केलं आणि आत पाहिलं तर सगळं रिकामं! वर्षानुवर्षं जमवलेली गाणी नाहीत, पहाटे लावायची भक्तिगीतांची यादी नाही, प्रवासातली यादी नाही. अशा वेळी तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘माझी गाणी उडाली.’ बहुतेक वेळा ती उडालेली नसतात, दुसऱ्या एका खात्यात जागच्या जागी असतात. आपल्या नकळत आपण दुसरं खातं उघडलेलं असतं. मग साहजिक प्रश्न येतो, की ही दोन्ही खाती एकत्र का करून मिळत नाहीत? आज स्पॉटिफाय या सेवेचं उदाहरण घेऊन याच प्रश्नाचा उलगडा करू आणि गाणी एका खात्यातून दुसऱ्यात कशी न्यायची तेही पाहू. जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा.

समजा, कोल्हापूरच्या एक शिक्षिका आहेत. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी 2019 मध्ये. बाईंनी त्याच वर्षी फेसबुकचं बटण दाबून खातं उघडलं. काही वर्षांनी फोन बदलला. या वेळी त्यांनी गुगलचं बटण दाबलं. फेसबुकला त्यांनी जुना ईमेल पत्ता दिलेला होता, गुगलचा पत्ता निराळा. हा निराळा पत्ता कोणत्याच खात्याला जोडलेला नव्हता, म्हणून त्यावर कोरं खातं उघडलं गेलं. ॲपलच्या बटणानंही असं होऊ शकतं. तिथे आपला पत्ता लपवण्याची सोय निवडली, तर ॲपल privaterelay.appleid.com असा शेवट असलेला वेगळाच पत्ता पुढे पाठवतं. आपला नेहमीचा पत्ता स्पॉटिफायपर्यंत पोचतच नाही.

म्हणून पहिलं काम जुनं खातं शोधण्याचं. ॲपमधून बाहेर पडा आणि आजवर वापरलेल्या प्रत्येक वाटेनं आत जाऊन पाहा: फेसबुक, गुगल, ॲपल, फोन नंबर, ईमेल. आपल्या सगळ्या ईमेलपेट्यांत स्पॉटिफायची जुनी पत्रं शोधा. स्वागताचं पत्र किंवा पैसे भरल्याची पावती ज्या पेटीत सापडेल, त्या पत्त्यावर खातं असण्याची शक्यता मोठी. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो. जुनं खातं सापडलं आणि नव्यात अजून काही जमवलेलं नसलं, तर जुनंच वापरत राहावं. गाणी हलवायची गरजच उरत नाही.

आमच्या बाईंचं तसं नव्हतं. जुन्या खात्यात 640 आवडती गाणी आणि 9 याद्या होत्या. नव्या खात्यात वर्षभरात 85 आवडती गाणी जमली होती आणि प्रीमियमचे पैसेही नव्या खात्यातून जात होते. त्यांना दोन्हींचं एक करायचं होतं. स्पॉटिफायमध्ये खाती जोडण्याची सोय नाही.

याचं कारण कळायला आधी खातं म्हणजे काय ते पाहू. आपल्याला वाटतं, खातं म्हणजे गाण्यांनी भरलेली पेटी, एकीतलं काढून दुसरीत ओतलं की झालं. पण गाणी खात्यात नसतातच. वाचनालयाचं उदाहरण घ्या. पुस्तकं वाचनालयाच्या कपाटात असतात. सभासदाच्या नावावर असतो तो क्रमांक, त्यापुढची नोंद आणि भरलेली वर्गणी. गाण्यांच्या खात्यालाही आत एक कायमचा ओळखक्रमांक असतो. ईमेल ही त्यावर लावलेली चिठ्ठी, ती बदलता येते. आपण केलेली प्रत्येक यादी त्या क्रमांकाच्या मालकीची असते. ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद त्याच्याच नावे होते. खातं कोणत्या देशातलं, प्रीमियम कोणत्या प्रकारचं, पैसे कुठून येतात, हेही त्यालाच जोडलेलं असतं.

आता दोन क्रमांकांचा एक करायचा म्हटलं, तर प्रत्येक बाबतीत निवाडा करावा लागतो. एक खातं भारतातलं आणि दुसरं मुलाकडे दुबईला असताना उघडलेलं असेल, तर जोडलेलं खातं कुठलं मानायचं? कोणती गाणी वाजवता येतात हे देशाप्रमाणे बदलतं. एकावर स्वतःचं प्रीमियम आणि दुसरं घरच्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये असेल, तर कोणतं ठेवायचं? आणि दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे ठरवायचं कसं? कुणाचा पासवर्ड हाती लागलेल्या माणसाला ते खातं आपल्या खात्यात जिरवून टाकता आलं, तर मूळ मालकाकडे काहीच उरणार नाही. शिवाय एकदा मिसळलेल्या दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करणं जवळपास अशक्य. गाण्यांची यादी मात्र साधी गोष्ट आहे. ती उतरवून घेता येते आणि आपल्याला तेवढंच करायचं आहे.

हे काम फोनवर करू नका, संगणकावरचं स्पॉटिफाय वापरा. खातं फुकटचं असलं तरी चालतं. पडद्यावरचे शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण रीत तीच राहते.

आधी आवडत्या गाण्यांकडे वळू, कारण अडचण तिथेच आहे. `Liked Songs` दिसायला यादीसारखं असलं तरी ते खासगी असतं आणि दुसऱ्या खात्याला त्याचा दुवा देता येत नाही. म्हणून आधी त्याची खरीखुरी यादी करायची. जुन्या खात्यानं आत जा, `Liked Songs` उघडा, एका गाण्यावर क्लिक करा आणि `Ctrl` व `A` या कळा एकत्र दाबा. मॅकवर `Ctrl`च्या जागी `Cmd`. सगळी गाणी निवडली जातील. त्यावर उजवं क्लिक करून `Add to playlist` मधून नवी यादी करा. तिला ओळखू येईल असं नाव द्या, जसं ‘जुनी आवड’. एका यादीत 10,000 गाणी मावतात, तेव्हा बाईंच्या 640 गाण्यांना एक यादी पुरेशी झाली.

आता ती यादी उघडा. ती खासगी असेल तर तीन ठिपक्यांतून `Make public` निवडा, नाहीतर नव्या खात्याला ती दिसणार नाही. मग `Share` मधून `Copy link to playlist` घ्या आणि तो दुवा स्वतःलाच ईमेल करा. बाकीच्या 9 याद्यांचेही दुवे असेच घ्या. जुन्या खात्यातून बाहेर पडा, नव्यानं आत जा आणि दुवा ॲपच्या शोधपट्टीत चिकटवा. यादी समोर येईल.

इथे अनेकांची फसगत होते. यादीवर जोडण्याचं बटण असतं. ते दाबलं की यादी आपल्या संग्रहात दिसू लागते आणि काम झालं असं वाटतं. पण नव्या खात्यात तेव्हा फक्त खूण येते, यादी जुन्या खात्याच्याच मालकीची राहते. उद्या जुनं खातं बंद केलं, की त्या खुणेचा भरवसा उरत नाही. हे ओळखायची खूण म्हणजे यादीच्या नावाखाली दिसणारं मालकाचं नाव. तिथे जुन्या खात्याचं नाव असेल, तर यादी अजून तुमची झालेली नाही. म्हणून यादीतल्या गाण्यांवर पुन्हा `Ctrl` आणि `A`, उजवं क्लिक, `Add to playlist`, आणि नवी यादी. आता मालक नवं खातं. ‘जुनी आवड’ या यादीची गाणी याशिवाय पुन्हा आवडत्यांतही घालायची आहेत, म्हणून ती सगळी निवडून उजव्या क्लिकमधून `Save to your Liked Songs` घ्या.

आता मोजणी करू. प्रत्येक यादीच्या माथ्यावर गाण्यांची संख्या असते. जुन्या आणि नव्या यादीची संख्या जुळायला हवी. बाईंच्या ‘जुनी आवड’मध्ये दोन्हीकडे 640 आली. नव्या खात्यात मात्र 640 अधिक 85 म्हणजे 725 आवडती गाणी दिसायला हवी होती, दिसली 703. बाई घाबरल्या. पण 22 गाणी दोन्ही खात्यांत आधीपासून होती आणि तेच गाणं दोनदा मोजलं जात नाही. हरवलं काहीच नव्हतं.

उलटाही प्रकार घडतो. जुनं मराठी गाणं मूळ चित्रपटाच्या अल्बममध्ये असतं, शिवाय गायकाच्या निवडक गाण्यांच्या दोन-तीन संग्रहांतही असतं. आपल्या कानाला ते एकच, पण ॲपच्या लेखी वेगवेगळी गाणी. म्हणून एकच गाणं दोनदा दिसलं तर चूक मानू नका, एक काढून टाका. जी गाणी खात्याच्या देशात उपलब्ध नाहीत, ती यादीत लपलेली असू शकतात. मोजणीआधी सेटिंग्जमध्ये न मिळणारी गाणी दाखवण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे ती करड्या रंगात दिसतील. स्वतःच्या संगणकातून घातलेल्या फाइल मात्र दुव्यावरून येत नाहीत, त्या पुन्हा घालाव्या लागतात.

याद्या डझनावारी असतील तर ट्यून माय म्युझिकसारखी सेवा हे काम करून देते. तिला दोन्ही खात्यांत शिरायची परवानगी द्यावी लागते. काम संपलं की spotify.com/account/apps इथे जाऊन ती परवानगी काढून घ्या.

काही गोष्टी येत नाहीत, त्या आधीच माहीत असाव्यात. कोणतं गाणं कधी आवडलं ती तारीख जाते, सगळ्यांना आजची तारीख लागते. म्हणून नव्या खात्यातली ‘जुनी आवड’ ही यादी पुसू नका, जुना क्रम तिच्यात राहतो. डाउनलोड केलेली गाणी पुन्हा उतरवावी लागतात. आजवर काय ऐकलं त्याचा इतिहास जुन्या क्रमांकाकडेच राहतो, त्यामुळे सोमवारी येणारी नवी शिफारस नव्या खात्याच्या ऐकण्यावरच ठरते. इतिहास निदान वाचायला हवा असेल, तर खातं बंद करण्याआधी त्याच्या प्रायव्हसीच्या पानावरून तो मागवा. पूर्ण इतिहास यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात.

जुन्या खात्यावर प्रीमियम असेल तर आधी ते थांबवा, भरलेल्या मुदतीपर्यंत ते चालू राहतं. खातं बंद करणं हे अगदी शेवटचं काम. बंद केल्यावर ते परत सुरू करण्याचा दुवा ईमेलवर येतो आणि तो 7 दिवसच चालतो. बाईंनी घाई केली नाही. महिनाभर रोज नव्या खात्यावरच गाणी ऐकली. त्यात तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की सहलीची एक यादी अजून जुन्या खात्याच्याच नावावर आहे. ती उतरवून घेतली, मगच जुनं खातं बंद केलं. आणि वहीत एक ओळ लिहून ठेवली: ‘स्पॉटिफाय – गुगलच्या बटणानं.’ पुढचा फोन घेताना एवढी ओळ त्यांना पुरेल.