शिवणकाम आणि पहिली धुलाई

(आमच्या शिवण वर्गाच्या प्रमाणपत्र वाटप समारंभात निवृत्त शिक्षिका आपांनी केलेले भाषण वाचकांसाठी येथे देत आहे. – शब्दांकन : एक शिक्षक, बी.ए., बी.एड.)



आजपासून तुमच्या कपड्याला मी गुण देणार नाही. ते गिऱ्हाईक देईल, आणि तेही घेऊन जाताना नव्हे, तर पहिल्या धुलाईनंतर.

रमजानच्या गर्दीत माझ्या एका विद्यार्थिनीने सुती कापडाचा कमीज शिवला. छातीचा घेर सैलपणासह ४० इंच. ईदला तो छान बसला. पण धुतल्यावर गिऱ्हाईक परत आले. टेप लावली तर घेर ३८. कापड शेकडा ५ आटले होते. शिलाई सरळ होती, मापही बरोबर होते. चूक एवढीच, की कापड न भिजवता कात्री चालवली.

नशिबाने तिने दोन्ही बगलांच्या शिवणीत इंचभर माया ठेवली होती. दोन शिवणी म्हणजे कापडाच्या चार कडा. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला, तेव्हा २ इंच मिळाले. दुमड मोठी होती म्हणून उंचीही भरून निघाली. पण खांद्याला माया नव्हती. तेथे तो थोडा आखूडच राहिला. माया सगळे दुरुस्त करत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता हिशेब पाहा. समजा, जोडाची शिलाई ३५० रुपये. दोरा, कॅनव्हास वगैरे ३० वजा जाता ३२० उरले. काम ४ तासांचे, म्हणजे तासाला ८० रुपये. उसवणे, पुन्हा शिवणे, इस्त्री यांत १ तास २० मिनिटे फुकट गेली, तर तासाला ६० च पडतात. आणि माया नसती तर? कमिजाचे अडीच मीटर कापड १२० रुपये मीटरने भरून द्यायचे म्हणजे ३०० रुपये. हाती २० उरले!

म्हणून सुती कापड आले की आधी लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा. तासभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा; गडद रंग वेगळा भिजवा. पिळू नका, सावलीत वाळवा. उभ्या धाग्याच्या दिशेने, न ओढता इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. जेवढे आटायचे तेवढे बरेचसे तुमच्या घरीच आटेल. कापड कमी भरले, तर गिऱ्हाइकाला कापण्याआधी सांगता येते. कापल्यावर सांगितले तर ते बहाणा समजते.

रेशीम आणि जरीचे कापड मात्र भिजवू नका. पण त्याला सुती अस्तर लावायचे असेल तर अस्तर जरूर भिजवा. नाहीतर धुतल्यावर अस्तर आखडते आणि वरच्या कापडाला शिवणीपाशी चुण्या पडतात.

पालकांनाही एक विनंती. मुलीने कापड भिजत घातले की, "आजच का शिवत नाहीस?" असे म्हणू नका. तिचा तो एक दिवस पुढची मजुरी वाचवत असतो.