खाजगीपणाला सरहद्द असते काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



पुण्याच्या एखाद्या कार्यकर्त्याने लंडनच्या मित्राला पत्र धाडले आणि ते तिथल्या सरकारने फोडून वाचले, तर या कार्यकर्त्याने दाद कोणाकडे मागावी? पूर्वी हा प्रश्न काल्पनिक वाटला असता. आज आपली पत्रे समुद्रतळाच्या तारांतून जातात. ब्रिटनची 'जीसीएचक्यू' ही हेरसंस्था त्या तारांतील मजकूर घाऊक प्रमाणावर गोळा करते, हे एडवर्ड स्नोडेन यांनी 2013 साली उघड केलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले.

ही पाळत चालते कशी, ते आधी पाहू. प्रथम तारेतून वाहणारा मजकूर सरसकट अडवला जातो. मग यंत्रे त्यावर शोधखुणा, म्हणजे ईमेलचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक इत्यादी, लावून चाळणी करतात. चाळणीतून उरलेले माणसे वाचतात. शेवटी ते साठवले जाते किंवा दुसऱ्या देशाच्या हेरसंस्थेला दिले जाते. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 25 मे 2021 रोजी 'बिग ब्रदर वॉच' खटल्यात असा निर्णय दिला की, यातील प्रत्येक पायरीगणिक खाजगी जीवनावरील अतिक्रमण अधिक गहिरे होत जाते. घाऊक पाळत मुळातच बेकायदा आहे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. ही त्या निर्णयाची उणीव आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही ब्रिटिश व्यवस्थेत त्याने तीन दोष काढले. परवानगी मंत्रीच देत असे, स्वतंत्र अधिकारी नव्हे. कोणत्या प्रकारच्या शोधखुणा लावणार, हे परवानगी मागताना सांगावे लागत नसे. आणि विशिष्ट व्यक्तीशी निगडित खूण लावण्यापूर्वी संस्थेच्या आतसुद्धा वेगळी मंजुरी लागत नसे.

पण आपल्या कार्यकर्त्याचा प्रश्न उरतोच, कारण तो ब्रिटनमध्ये राहत नाही. नेमक्या याच मुद्द्यावर ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने 2016 साली परदेशस्थ तक्रारदारांना दार बंद केले. तुम्ही आमच्या भूमीवर नाही, सबब तुमच्या खाजगीपणाची जबाबदारी आमच्यावर नाही, असा तो युक्तिवाद होता. अमेरिकेत राहणारे एक गृहस्थ आणि बर्लिनमध्ये राहणारे एक इटालियन संशोधक यांनी त्याविरुद्ध स्ट्रासबर्ग गाठले. 12 सप्टेंबर 2023 रोजी 'वीडर आणि ग्वार्नियेरी' या खटल्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. घरमालक परदेशी गेला असताना त्याच्या घराची झडती घेतली, तर ती झडती घराच्या जागीच झाली असे आपण मानतो. तद्वतच पत्रे जेथे अडवली, चाळली आणि वाचली, तेथेच अधिकारभंग झाला. माणूस कोठे उभा आहे हे नव्हे, तर सत्तेचा हात कोठे चालला हे पाहावयाचे.

मित्रहो, हे तत्त्व मोलाचे आहे, पण त्याची मर्यादाही ओळखू या. तो करार युरोपपुरता आहे. जगाला लागू असलेला करार म्हणजे 1966 चा नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा. त्याच्या 17 व्या कलमात खाजगीपणाचे संरक्षण आहे. परंतु 2 ऱ्या कलमात 'आपल्या भूमीवरील व आपल्या अधिकारकक्षेतील' व्यक्ती असे शब्द आहेत. अमेरिकेने त्यांचा अर्थ असा लावला की दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्यात. म्हणजे परकीय भूमीवरील परकीय माणूस उघड्यावर! संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा अर्थ मान्य केलेला नाही. पण समितीकडे व्यक्तिगत तक्रार करण्याची वाट ज्या पूरक मसुद्याने खुली होते, तो ना अमेरिकेने स्वीकारला, ना ब्रिटनने, ना भारताने.

हा करारनामा भारताने 10 एप्रिल 1979 रोजी, जनता सरकारच्या काळात स्वीकारला. जयप्रकाशजींनी उभारलेल्या लोकस्वातंत्र्य संघटनेच्या याचिकेवर, म्हणजे पीयूसीएलच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी याच 17 व्या कलमाचा आधार घेतला आणि दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने घातली. मात्र आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट न्यायालयाने घातली नाही; आदेशाचा अधिकार गृहसचिवाकडे ठेवला आणि फेरतपासणी सचिवांच्याच समितीकडे सोपवली. 2024 च्या नव्या नियमांतही तीच रचना कायम आहे. स्ट्रासबर्गने ब्रिटनचा जो पहिला दोष काढला, तोच हा दोष होय. ऐकणारेही सरकार, परवानगी देणारेही सरकार आणि तपासणारेही सरकार!

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. भारताने तो पूरक मसुदा स्वीकारावा, आणि पाळतीचा प्रत्येक आदेश स्वतंत्र न्यायिक अधिकाऱ्याच्या सहीनेच निघावा. परक्या सरकारला जाब विचारण्याचा अधिकार आपण मागतो. तो आधी आपल्या सरकारला विचारता आला पाहिजे.