भाजी वाफवा, पण रंग राखा

आज आपण साध्या पातेल्यात भाजी वाफवणार आहोत. फरसबी शिजायला टाकली की आधी छान हिरवीगार दिसते आणि झाकण ठेवून विसरलं की शेवाळी होते, असं का, तेही बघू.

गरम झाली की भाजी स्वतःतलंच थोडं आंबट सोडते. ते आंबट हिरव्या रंगाला मारतं. जितका वेळ जास्त, तितका रंग मळकट. साधारण सात मिनिटांपुढे हिरवी भाजी वाफेवर ठेवू नये. लिंबूही आधी पिळायचं नाही, ते ताटात वाढताना.

आता पातेल्यात दोन बोटं पाणी घ्या. त्यावर बसेल अशी चाळणी ठेवा. पाणी चाळणीला लागता कामा नये, नाहीतर भाजी वाफत नाही, उकडते. झाकणाला मोदकांच्या वेळी बांधतो तसं फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून. म्हणजे झाकणाचं पाणी भाजीवर ठिबकत नाही. पाणी खळखळ उकळल्यावरच भाजी घाला आणि तिथून घड्याळ बघा.

समजा पाव किलो फरसबी, दोन गाजरं आणि वाटीभर ताजे मटार आहेत. तिन्ही एकदम घातले तर गाजर कच्चं राहतं नाहीतर मटार गळतात. म्हणून बोटाच्या पेराएवढ्या गाजराच्या फोडी आधी घाला. तीन मिनिटांनी फरसबीचे तुकडे. आणखी दोन मिनिटांनी मटार. मग तीन मिनिटांनी गॅस बंद. गाजराला आठ मिनिटं मिळाली, फरसबीला पाच, मटारला तीन. फ्लॉवरचे छोटे तुरे असतील तर फरसबीबरोबर घाला. पालक मात्र वेगळा, एक-दोन मिनिटांतच तो बसतो. फोडी मोठ्या असतील किंवा चाळणी गच्च भरली असेल तर वेळ वाढतो, म्हणून भाजी थोडी थोडी वाफवलेली बरी.

झाली की नाही, हे सुरीचं टोक सांगतं. टोक आत जावं, पण थोडं अडावं. सहज गेलं तर भाजी पुढे गेली. झाकण उघडताना आपल्यापासून लांबची कड आधी उचला, वाफेचा चटका वाईट असतो.

आणि शेवटचं काम विसरू नका. गॅस बंद झाला तरी चाळणीतली भाजी आतल्या आत शिजत राहते. लगेच परातीत पसरा, ढीग करू नका. निवली की मीठ आणि वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी. पातेल्यात उरलेलं पाणी टाकू नका, संध्याकाळच्या आमटीत घाला.

पुढच्या वेळी फरसबी आणाल तेव्हा घड्याळ चुलीजवळ ठेवा, मैत्रिणींनो.