औषधे ऑनलाइन मागवताना : वोल्फ्सबुर्गमधील आपल्या कुटुंबांसाठी

(मासिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथल्या एका आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, काम करते. आपल्यापैकी बरीच कुटुंबे पुणे-चाकणकडून कारखान्याच्या निमित्ताने वोल्फ्सबुर्गला आली. उन्हाळ्यात त्यांचे आई-वडील इथे राहायला येतात आणि त्या दिवसांत मला एक फोन हमखास येतो : "ताई, बाबांच्या गोळ्या संपत आल्यात. इंटरनेटवर मिळतायत. मागवू का?" आज एवढ्याच प्रश्नाबद्दल बोलते.

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजोबा साठ दिवसांसाठी आले होते, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्याही साठ दिवसांच्याच आणल्या होत्या. पुढे मुक्काम चार आठवड्यांनी वाढला. गोळीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम हे औषध. मुलाने शोधल्यावर एक वेबसाइट सापडली. भाषा जर्मन, किंमत निम्मी, वर ohne Rezept असे लिहिलेले, म्हणजे चिठ्ठीशिवाय. खाली हिरव्या पट्ट्यांवर पांढरा क्रॉस आणि जर्मनीचा झेंडा असलेले चिन्हही होते. ते पाहून त्याला वाटले, साइट सरकारमान्य आहे.

ते चिन्ह खरेच सरकारी आहे. युरोपीय संघाने २०१५ पासून ऑनलाइन औषधविक्रीसाठी ते सक्तीचे केले. पण चिन्ह म्हणजे नुसते चित्र, ते कोणीही उचलून आपल्या पानावर चिकटवू शकतो. खरी तपासणी त्यावर क्लिक केल्यानंतर सुरू होते. चिन्हावर Zur Überprüfung der Legalität dieser Website hier klicken असे लिहिलेले असते, म्हणजे ही साइट कायदेशीर आहे का ते तपासायला इथे क्लिक करा. क्लिक केल्यावर ती साइट सोडून सरकारी नोंदवहीचे पान उघडायला हवे. जर्मनीची नोंदवही BfArM या केंद्रीय औषध संस्थेकडे आहे. त्या पानावर दुकानाचे नाव, पत्ता आणि नोंदलेला वेबपत्ता दिसतो. तो वेबपत्ता आणि तुम्ही ज्या साइटवर होतात तिचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एखादी जास्तीची रेघ किंवा वेगळा शेवट दिसला, तर ते दुकान दुसरे समजा.

आपल्या उदाहरणात सुनेने त्या चिन्हावर क्लिक केले, तर काहीच उघडले नाही. मग आम्ही bfarm.de वरून थेट Versandhandels-Register उघडले आणि नाव शोधले. ते नाव तिथे नव्हते. साइटच्या Impressum मध्ये ना मालकाचे नाव होते, ना रस्त्याचा पत्ता, ना देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख. विषय तिथेच संपला.

इथे एक बारकावा आहे. चिन्हावरचा झेंडा दुकान ज्या देशात आहे त्या देशाचा असतो. जर्मनीत औषधे पाठवणारी काही मोठी दुकाने नेदरलँड्समध्ये आहेत. त्यांच्या चिन्हावर डच झेंडा असणे बरोबरच आहे, आणि क्लिक केल्यावर डच नोंदवही उघडते. झेंडा परका दिसला म्हणून घाबरू नका. नोंद सापडते का, तेवढे पाहा.

नोंद सापडली तरी चिठ्ठी लागतेच. टेल्मिसार्टन इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणीही विकू शकत नाही, मग दुकान कोपऱ्यावरचे असो की ऑनलाइन. म्हणून ohne Rezept हे शब्द चिठ्ठीच्या औषधाशेजारी दिसले, की इतर काही तपासायची गरजच उरत नाही. निम्म्या किमतीचेही तसेच. चिठ्ठीच्या तयार औषधाचा भाव जर्मन आपोथेकेत सगळीकडे एकच असतो.

पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे चालत नाही. युरोपीय संघातल्या डॉक्टरची चालते, भारतातली नाही. आणि "भावाला पोस्टाने पाठवायला सांगतो" हाही मार्ग बंद आहे. युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागवायला खासगी व्यक्तीला परवानगी नाही. पार्सल कस्टममध्ये अडकते आणि औषध हाती येत नाही. प्रवासात स्वतःबरोबर आणलेल्या औषधांचा नियम मात्र वेगळा आहे. स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची औषधे आणता येतात.

मग आजोबांचे काय झाले? मुलगा त्यांना जवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बरोबर जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी नेली. आपल्याकडच्या ब्रँडचे नाव इथे कोणी ओळखत नाही, पण पट्टीवर औषधाचे मूळ नाव आणि मात्रा छापलेली असते. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि खासगी चिठ्ठी दिली. डॉक्टरांची फी आणि औषधाची किंमत खिशातून गेली. प्रवासी विम्यात जुन्या आजाराचा खर्च बहुधा बसत नाही, तेव्हा पॉलिसी आधीच वाचून ठेवा.

ती कागदी चिठ्ठी ऑनलाइन दुकानाला द्यायची असती, तर मूळ कागद टपालाने पाठवावा लागला असता. फोटो चालत नाही. त्यात काही दिवस जातात, आणि आजोबांकडे उरल्या होत्या तीन गोळ्या. म्हणून औषध गावातल्या आपोथेकेतूनच घेतले. तुमचे स्वतःचे, सरकारी क्रांकेनकासेचे असेल तर ऑनलाइन सोपे आहे. जानेवारी २०२४ पासून डॉक्टर ई-रेत्सेप्ट देतात आणि नोंदणीकृत दुकानाच्या अॅपमध्ये आरोग्य कार्ड फोनला लावून ते पोचवता येते.

पाकीट घरी आल्यावरही एकदा नीट पाहा. फेब्रुवारी २०१९ पासून चिठ्ठीच्या औषधांच्या खोक्यावर चौकोनी ठिपक्यांचा कोड आणि स्वतंत्र क्रमांक असतो, आणि खोके उघडले असेल तर कळेल असे सील असते. देण्याआधी दुकान तो कोड तपासते. खोक्याविना सुट्या पट्ट्या आल्या, सील फाटलेले असले किंवा आत जर्मन माहितीपत्रक नसले, तर ती गोळी घेऊ नका. तशीच आपोथेकेत आणून दाखवा.

एवढी काळजी का, तर बनावट गोळी डोळ्यांनी ओळखता येत नाही. तिच्यात औषध नसेल, कमी असेल किंवा भलतेच असेल. ताप उतरला नाही तर आपल्याला लगेच कळते, पण रक्तदाब चढलेला बहुतेक वेळा जाणवतच नाही. आजोबा रोज वेळेवर गोळी घेत राहतील, घरचे निर्धास्त राहतील, आणि तीन आठवड्यांनी पहिली खूण अर्धांगवायूची असू शकेल.

रात्री किंवा रविवारी औषध संपल्याचे लक्षात आले, तर मोबाइलवरून 22833 वर जवळची उघडी आपोथेके कळते. डॉक्टर हवा असेल तर 116117. छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, तर थेट 112.

पुढच्या वेळी आई-बाबांचे तिकीट काढाल, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक कागद लिहून घ्या : औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी. मुक्कामापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या जास्त आणायला सांगा, फक्त तीन महिन्यांच्या हिशेबात बसवा, आणि गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या. तरीही कमी पडल्या, तर शेवटची पट्टी सुरू करतानाच डॉक्टरची वेळ घ्या. ती इथे लगेच मिळतेच असे नाही.