शनी चौथा आला म्हणजे अडीच वर्षे काय?
(सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शनी म्हटलं की आपल्याला साडेसाती आठवते. ती जन्मराशीपासून, म्हणजे चंद्रापासून मोजतात. पण शनी तुमच्या आयुष्याच्या कोणत्या खात्यात बसलाय हे बघायचं, तर लग्नापासून मोजावं लागतं. पहिलं घर देहाचं, दुसरं पैशाचं, असं करत बारावं खर्चाचं. तिसरा, सहावा आणि अकरावा शनी चांगला मानतात. बारा घरं आज होणार नाहीत. आपण सगळे घरासाठी एकत्र आलेली माणसं, तेव्हा चौथ्या घराबद्दल बोलू. वास्तू, आई आणि मनाची स्वस्थता या घरावरून बघतात.

एक गृहस्थ फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्याकडे आले. रास कर्क. शनी नुकताच, १७ जानेवारीला, कुंभेत आला होता. कर्केपासून कुंभ आठवी. "अष्टम शनी आहे, घर घेऊ नका," असं त्यांना चार जणांनी सांगितलं होतं. फ्लॅटचं टोकन मात्र देऊन झालं होतं. ते सोडून द्यावं का, असा त्यांचा प्रश्न.

लग्न वृश्चिक. म्हणजे कुंभ हे त्यांचं चौथं घर आणि शनी त्याचा स्वामी. मालक स्वतःच्या घरात आलाय, तेव्हा तो घर मोडायला आलेला नाही. पण शनी फुकट काही देत नाही. तो काय मागणार ते त्याच्या दृष्टीवरून कळतं. शनी बसल्या जागेपासून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर बघतो. इथे ती घरं कोणती? सहावं म्हणजे कर्ज, दहावं म्हणजे नोकरी, आणि खुद्द लग्न म्हणजे देह. मी म्हटलं, "घर होईल. पण कर्ज डोक्यावर बसेल, नोकरी बदलता येणार नाही आणि दगदग होईल. हे झेपणार असेल तर टोकन सोडू नका."

इथपर्यंत ठीक. पुढे माझी चूक झाली. त्यांचा मंगळ, म्हणजे लग्नेश, कुंभेत १० अंशावर होता. शनी एप्रिलमध्ये तिथे पोचणार होता. मी सांगून मोकळा झालो, "एप्रिलमध्ये अडेल, मग सुटेल." एप्रिलमध्ये बँकेने कागद परत पाठवले, मे महिन्यात पुन्हा घेतले. ऑगस्टमध्ये यांचा फोन, "काका, परत अडलं!" जुन्या मालकाच्या वारसाची सही कमी होती.

पंचांग उघडलं आणि कपाळावर हात मारला. १७ जूनला शनी १३ अंशांवरून वक्री झाला होता आणि ऑगस्टमध्ये पुन्हा १० अंशांवर आला होता. नोव्हेंबरमध्ये साधारण सव्वासहा अंशांवर तो मार्गी होणार, म्हणजे त्याच मंगळावरून तिसऱ्यांदा जाणार जानेवारी २०२४ मध्ये. मी सांगितलं, "जानेवारीपर्यंत कळ काढा." सही मिळाली, जानेवारीअखेर करारनाम्याची नोंदणी झाली. पुढे शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत जाईपर्यंत चौदा महिने त्या घरात होता. त्या काळात हप्ते भरणं एवढंच काम, नवीन अडचण नाही.

मंडळी, सांगायचं ते हेच. अडीच वर्षे एका रंगाची नसतात. राशीचे तीस अंश आणि तीस महिने, म्हणून महिन्याला एक अंश असा हिशेब करू नका. शनी दरवर्षी साडेचार महिने वक्री असतो आणि सुमारे सात अंश मागे येतो. त्या घरात तुमचा जन्माचा ग्रह किती अंशांवर आहे ते बघा आणि पंचांगातल्या शनीच्या अंशांशी जुळवा. शनी तिथून कधी एकदा जातो, कधी तीनदा. जोर त्या महिन्यांचा. घर रिकामं असेल तर हा काळ बराच सौम्य जातो.

दोन गोष्टी मात्र तपासल्याशिवाय बोलू नये. पहिली, दशा. या गृहस्थांना शनीचीच अंतर्दशा होती. दशेचा दुजोरा नसेल तर गोचर नुसतं कुरकुरतं. नाहीतर सगळ्या वृश्चिक लग्नवाल्यांनी त्या वर्षी फ्लॅट घेतले असते! दुसरी, जन्मवेळ. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. लग्न राशीच्या काठावर असेल तर दहा मिनिटांच्या फरकाने सगळी घरं सरकतात. ताळा कसा करायचा? शनी साधारण साडेएकोणतीस वर्षांनी त्याच जागी येतो. मी यांना विचारलं, १९९३ ते ९५ मध्ये काय झालं होतं? म्हणाले, "वडिलांची बदली झाली, राहतं घर सोडलं." चौथं घर पटलं. असं काहीच जुळलं नसतं, तर लग्नावर मी शंका घेतली असती.

आता शनी मीनेत आहे, म्हणजे धनू लग्नवाल्यांना चौथा. त्यांनी घाबरू नये. घरी जाऊन आधी मीनेत आपला कोणता ग्रह किती अंशांवर आहे तेवढं बघावं.