भाव वर्गाने ठरवावा: अध्यक्षीय भाषण

शाळेत शेअर बाजाराचा खेळ बहुतेक वेळा एकाच पद्धतीने खेळला जातो. शिक्षक फळ्यावर चार-पाच काल्पनिक कंपन्यांची नावे लिहितात, मुलांना खोट्या नोटा वाटतात आणि दर फेरीला एक चिठ्ठी उघडतात. ‘पाऊस लांबला, खतांच्या कंपनीचा भाव दहा रुपयांनी उतरला,’ असे चिठ्ठीत लिहिलेले असते. मुले त्या भावाने हवे तितके शेअर घेतात किंवा विकतात. खेळ रंगतो, पण त्यात बाजार नसतो. भाव चिठ्ठीने ठरवलेला असतो आणि घेणाऱ्याला विकणारा शोधावा लागत नाही. शेवटी वर्गातले सगळे पैसे मोजले, तर सुरुवातीपेक्षा किती वाढले किंवा घटले याचा हिशेब कुणालाच लागत नाही. खेळ फसला आहे हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ‘शेअर’ हा शब्द त्यांना नवा नाही. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्यांच्या घरात कारखान्याचा शेअर आहे. मात्र त्या शेअरची दर्शनी किंमत ठरलेली असते. तो रोज नव्या भावाने विकला जात नाही, आणि शेअर एक असो की दहा, सभासदाला मत एकच असते. शेअरचा भाव चढतो-उतरतो म्हणजे काय, हा प्रश्न इथल्या मुलाला त्यामुळेच खरोखर पडतो. बदलत्या भावाची ओळख त्याला होते ती कांद्याच्या लिलावात. तिथे गोणी फोडलेली असते, व्यापारी चढती बोली लावतात आणि शेतकऱ्याच्या हाती तो भाव मान्य करणे किंवा नाकारणे एवढेच असते. शेअर बाजारात विकणाराही आपला भाव सांगतो. वर्गातला खेळ नेमका या फरकावर उभा करावा.

मांडणी साधी आहे. चाळीस मुलांचे दहा गट करावेत. प्रत्येक गटाला खोटे 1,000 रुपये आणि ‘झुळूक पंखे’ या एकाच काल्पनिक कंपनीचे दहा शेअर द्यावेत. खेळाच्या दहा फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत आधी सौदे होतात आणि मग शिक्षक नाणे उडवतात. छाप आला तर प्रत्येक शेअरमागे दहा रुपये लाभांश, काटा आला तर काहीच नाही. दहाव्या फेरीनंतर शेअरची किंमत शून्य होते. हातात नसलेला शेअर विकायचा नाही आणि उधारीही करायची नाही, एवढे दोनच निर्बंध पुरतात.

भाव ठरवण्यासाठी प्रत्येक गट एक चिठ्ठी देतो. घ्यायचे की विकायचे, किती शेअर आणि कोणत्या भावापर्यंत, एवढेच त्यात लिहायचे. समजा, पहिल्या फेरीत चार गट घेणारे निघाले. एकाला 60 रुपयांपर्यंत पाच शेअर हवेत, दुसऱ्याला 56 पर्यंत पाच, तिसऱ्याला 55 पर्यंत पाच आणि चौथ्याला 50 पर्यंत दहा. विकणारे चार गट पाच-पाच शेअर काढतात. त्यांचा किमान भाव अनुक्रमे 48, 52, 55 आणि 60 आहे. उरलेले दोन गट गप्प बसतात. शिक्षक फळ्यावर एकेक भाव तपासतात. 52 ला पंधरा शेअरना गिऱ्हाईक आहे, पण विकायला दहाच आहेत. 56 ला पंधरा शेअर विकायला आहेत, पण घेणारे दहाचेच. 55 ला मात्र पंधरा मागितलेले आणि पंधरा काढलेले जुळतात. भाव 55 ठरतो आणि सगळे सौदे त्याच भावाने होतात.

इथे वर्ग गोंधळतो आणि त्याला गोंधळू द्यावे. 60 द्यायला तयार असलेल्या गटाला 55 च पडले, 48 ला विकणाऱ्याला 55 मिळाले आणि 50 ची चिठ्ठी देणाऱ्याला एकही शेअर मिळाला नाही. हा भाव कुणाच्या मनातला नव्हता, सगळ्यांच्या चिठ्ठ्यांतून तो निघाला. मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत 2010 पासून रोज सकाळी 9 ते 9.15 या पूर्वसत्रात उघडण्याचा भाव याच तत्त्वाने निघतो. ज्या भावाला सर्वाधिक शेअरचा सौदा जुळतो, तो भाव.

खेळाचा खरा गाभा पुढच्या फेऱ्यांत आहे. छाप पडण्याची शक्यता निम्मी, म्हणून एका फेरीचा सरासरी लाभांश पाच रुपये. पहिल्या फेरीत दहा नाणी बाकी आहेत, तेव्हा शेअरची सरासरी किंमत 50 रुपये होते. सहाव्या फेरीला पाच नाणी उरतात आणि ती 25 वर येते. हे आकडे फळ्यावर लिहून ठेवले तरी भाव पुष्कळदा त्यांच्या वर राहतो. सहाव्या फेरीत एखाद्या गटाने 52 रुपये मोजले, तर उरलेली पाचही नाणी छाप पडली तरी त्या शेअरवर पन्नासच रुपये मिळणार. पुढच्या फेरीत कुणी तरी जास्त देईल, एवढ्याच भरवशावर ती खरेदी झालेली असते. फुगा म्हणजे काय, हे या एका सौद्यावरून कळते, व्याख्या सांगावी लागत नाही.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी 1956 मध्ये आपल्या वर्गातच अशा बाजारांचे प्रयोग सुरू केले. 1988 मध्ये दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रयोगात पंधरा फेऱ्यांच्या शेअरचा भाव असाच फुगून कोसळलेला दिसला. खेळणाऱ्यांना सगळे आकडे आधीच ठाऊक होते. तीच माणसे पुन्हा पुन्हा खेळली, तेव्हा मात्र फुगा ओसरला. स्मिथ यांना 2002 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेसाठी याचा अर्थ एवढाच की हा खेळ त्याच वर्गात किमान दोनदा, आठवड्याच्या अंतराने घ्यावा आणि दोन्ही वेळचे भाव एकाच कागदावर रेषेने काढून मुलांपुढे ठेवावेत.

हिशेब तपासणे सोपे आहे. सुरुवातीला वर्गात 10,000 रुपये आणि शंभर शेअर असतात. प्रत्येक छापामागे वर्गात हजार रुपये येतात. चार छाप पडले असतील, तर शेवटी 14,000 रुपये भरलेच पाहिजेत. कमी-जास्त निघाले तर कुठे तरी सौदा एकाच बाजूने नोंदला गेला आहे. दुसऱ्या खेळात नाणे न उडवता दर फेरीला ठाम पाच रुपये देणारी ‘रानमेवा’ कंपनी जोडावी. दोघींची सरासरी सारखीच असते, तरी वर्ग त्यांना वेगळे भाव देतो का, हे पाहावे. जोखमीची किंमत त्या फरकात दिसते.

या खेळाला मर्यादाही आहेत. त्यातल्या सौद्यांतून कंपनीला एक रुपयाही मिळत नाही, पैसा फक्त एका गटाकडून दुसऱ्याकडे जातो. खऱ्या कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा हेही तो शिकवत नाही. दहा फेऱ्यांत पुढे गेलेला गट हुशार होता की नाण्याने त्याला साथ दिली, हे सांगता येत नाही. म्हणून विजेता जाहीर करू नये आणि बक्षीस तर मुळीच ठेवू नये. खऱ्या कंपन्यांच्या भावांवर चालणाऱ्या आभासी सौद्यांच्या आणि पैशांच्या स्पर्धांपासून सेबीने 2024 मध्ये लोकांना सावध केले आहे. शाळेने त्या वाटेला जाऊच नये.

अधिवेशनाला जमलेल्या शिक्षकांना विनंती एवढीच आहे की पुढच्या सत्रात एक जोडतासिका या खेळासाठी राखावी, भावाच्या चिठ्ठ्या स्वतः न लिहिता मुलांच्या हाती द्याव्यात आणि दहाही फेऱ्यांचे भाव वहीत नोंदवून ठेवावेत.