सासूबाईंच्या उशाची बेल

आम्ही बचत गटाच्या बाया. आज एका बेलची गोष्ट सांगायची आहे, बिनतारी बेलची.

आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहेत. सून दिवसभर कामात, शेळ्यांचा गोठा घरामागं. हाक मारली तर ऐकू जात नाही. म्हणून लेकानं दाराला लावतात ती बिनतारी बेल आणली. बटण खाटेच्या दांडीला बांधलं आणि वाजणारी डबी गोठ्यातल्या प्लगात बसवली. आठ महिने चांगलं चाललं. मग एका दुपारी सून गोठ्यातून आली तर सासूबाई रडवेल्या. "अगं, कधीची दाबतेय, माझं अंथरूण भिजलं की!" सुनेनं बटण दाबून पाहिलं. बटणावरचा लाल दिवा लागला. म्हणजे सेल चांगला आहे, डबीच बिघडली, असं तिला वाटलं. दुकानदारानंही नवीन बेल घ्या म्हणून सांगितलं.

इथंच आपण फसतो. दिवा लागायला फार थोडी वीज पुरते. लांबवर इशारा फेकायला जास्त जोर लागतो. सेल उतरत आला की आधी लांबचं ऐकू जाणं बंद होतं, जवळचं चालू राहतं, आणि दिवा तर त्यानंतरही लागत राहतो.

म्हणून आम्ही आधी डबी गोठ्यातून काढली आणि सासूबाईंच्या खोलीतल्याच प्लगात लावली. बटण दाबलं, टिंगटाँग वाजलं! मग बटण हातात घेऊन एक एक पाऊल मागं सरकत दाबत गेलो. सहा पावलांवर वाजलं, उंबऱ्यापाशी एकदा वाजलं, एकदा नाही, अंगणात अजिबात नाही. पूर्वी हेच बटण गोठ्यापर्यंत पोचत होतं. म्हणजे डबी ठणठणीत होती आणि दोष सेलचा होता.

बटणाच्या कडेला खाच असते, तिथं बारीक पेचकस घालून झाकण उघडलं. आत बोटाच्या पेराएवढा लहान, जाडसर सेल होता. त्यावर 23A आणि 12V लिहिलं होतं. पेन्सिल सेलसारखा दिसतो, पण तो 1.5 व्होल्टचा, इथं चालत नाही. काही बटणांत नाण्यासारखा चपटा CR2032 असतो. जुना सेलच दुकानात घेऊन जा, म्हणजे चूक होत नाही. आणि चपटा सेल असेल तर लहान मुलांपासून जपा. पोरानं गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, तसा संशय जरी आला तरी लगेच दवाखाना गाठायचा.

सेल आणला, अधिक-उण्याची खूण बघून बसवला. आणि बेल वाजेना! अगदी डबीला चिकटवून दाबलं तरी नाही. आमची तोंडं बघण्यासारखी झाली. मग नातू हळूच म्हणाला, "मी गाणं बदलायला डबीवरचं बटण धरून ठेवलं होतं." आता कळलं. प्रत्येक बटणाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो. डबी तो लक्षात ठेवते, म्हणून शेजारणीच्या बेलनं आपली वाजत नाही. या डबीत गाण्याचं बटण फार वेळ दाबून ठेवलं की जुना क्रमांक पुसला जातो. बटण ओरडत होतं, पण डबी त्याला ओळखतच नव्हती.

ओळख परत करून दिली. डबी प्लगात ठेवून तिच्यावरचं गाण्याचं बटण साधारण पाच सेकंद दाबून धरलं. डबीचा दिवा लुकलुकला, तसं सोडलं आणि लगेच खाटेकडचं बटण दाबलं. टिंगटाँग! प्रत्येक बेलची रीत थोडी वेगळी असते, खोक्यातला कागद जपून ठेवा.

पण गोठ्यात लावल्यावर दहा वेळा दाबलं तर सातच वेळा वाजलं. खोक्यावरचं अंतर मोकळ्या रानातलं असतं. आपल्याकडं मध्ये जाड भिंत, वर पत्र्याची भिंत. पत्रा इशारा अडवतो. डबी पत्र्याला चिकटून होती, ती दाराकडच्या प्लगात हलवली. मग दहाला दहा.

आता ती दर सोमवारी गोठ्यात उभी राहते आणि नातू आत बटण दाबतो. एखादा टोला चुकला की सेल बदलायचा, दिव्याकडं बघायचं नाही. वीज गेली तर प्लगातली डबी मुकीच, त्यासाठी खाटेशी पितळेची ताटली आणि चमचा ठेवलाय. सासूबाई म्हणतात, "ताटलीच बरी, हिला सेल लागत नाही."